पायावर सरकणारी लाल रेघ : ओल्या वाळूतील अंकुशकृमी कसा ओळखावा, कसा रोखावा

किनारपट्टीच्या रेताड जमिनीत अनवाणी काम करणाऱ्यांच्या तळपायावर कधी कधी बारीक, लाल, नागमोडी रेघ उठते. तिला प्रचंड खाज येते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. हा नायटा नाही आणि चिखल्याही नाहीत. कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातील अंकुशकृमीची अळी कातडीत शिरल्याने हा त्रास होतो. वैद्यकीय भाषेत त्याला ‘क्युटेनियस लार्व्हा मायग्रन्स’ म्हणतात.

माडाच्या बागेतील एक उदाहरण

मालवण किनाऱ्याजवळच्या एका माडाच्या बागेत मार्च महिन्यात गेलो होतो. माडांना चार दिवसांआड आळ्यात पाणी दिले जात होते आणि ओल टिकावी म्हणून आळ्यात सोडणे व झावळ्या पसरल्या होत्या. शेतकऱ्याने डावा तळपाय दाखवला. पोटरीकडे नव्हे, तळव्याच्या खोलगट भागात वळणे घेत गेलेली लाल रेघ होती. सुरुवातीला तिथे डास चावल्यासारखी पुळी आली. तीन-चार दिवसांत पुळीपासून रेघ निघाली. नायटा समजून त्यांनी दुकानातून आणलेले मलम आठ दिवस लावले, पण रेघ वाढतच गेली. रात्री खाजेने झोप लागेना.

मी त्यांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. संध्याकाळी रेघेच्या ताज्या टोकाशी बॉलपेनने ठिपका काढायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी पाहायचे. रेघ ठिपक्याच्या पुढे जवळजवळ एक सेंटिमीटर गेली होती. नायटा गोल कडेने पसरतो, तर चिखल्यांमध्ये बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी पडून चिरते. रोज पुढे जाणारी एकच रेघ मात्र या अळीची खूण आहे.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोलच्या गोळ्या काही दिवस दिल्या आणि खाज लवकरच कमी झाली. पण तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नीच्या टाचेवर तशीच रेघ उठली. औषधाने पाय बरा झाला होता, आळ्यातील वाळू तशीच होती.

वाळूत काय घडते?

बागेत कुत्री व्यायली होती. दीड महिन्याची पिल्ले दिवसभर आळ्यांतील गारव्यात लोळत आणि तिथेच विष्ठा करत. कुत्र्यांच्या एका जातीच्या अंकुशकृमीची लागण आईच्या दुधातूनही पिल्लांना होते, त्यामुळे लहान पिल्लांच्या विष्ठेत या कृमीची अंडी भरपूर असू शकतात.

ऊब, ओल आणि सावली मिळाली की अंडी १ ते २ दिवसांत फुटतात. बाहेर पडलेली अळी आधी विष्ठेत आणि मातीत वाढते. ५ ते १० दिवसांनी ती कातडीत शिरण्याच्या अवस्थेला येते. अनुकूल जागी ती ३ ते ४ आठवडे जिवंत राहू शकते. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र तिला मारतो.

पिकांच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी आपल्याला माहीत आहे. ही अळीदेखील त्याच मोठ्या गटातील आहे आणि तशीच मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून हलते. रेताड जमिनीतील मोठ्या पोकळ्या तिला सोयीच्या असतात. मात्र पिकावरचा सूत्रकृमी माणसाला होत नाही. शेतातील मुळांना गाठी दिसल्या म्हणून पायाच्या रेघेशी त्याचा संबंध जोडू नये.

कुत्र्याच्या शरीरात ही अळी कातडीतून आतड्यापर्यंत पोहोचते. माणसाच्या कातडीचा खालचा थर तिला सहसा ओलांडता येत नाही, म्हणून ती वरच्या थरात वाट शोधत फिरते. तीच ही रेघ. अशी अळी काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत आपोआप मरते, आणि एका माणसाच्या पायावरून ती दुसऱ्याला लागत नाही. खरा धोका खाजवण्यात आहे. नखांनी कातडी फुटते आणि जखमेत पू होतो.

हे करू नका

- रेघेच्या टोकाला ब्लेडने कापणे, चटका देणे किंवा रॉकेल लावणे टाळा. अळी दिसणाऱ्या टोकाच्या पुढे १ ते २ सेंटिमीटरवर असू शकते. कापल्याने ती सापडत नाही, जखम मात्र होते.
- जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन किंवा जंताचे औषध स्वतः घेऊ नका. माणसांसाठी आयव्हरमेक्टिनच्या वेगळ्या गोळ्या असतात आणि त्यांची मात्रा वजनानुसार डॉक्टर ठरवतात. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी हे आधी सांगणे आवश्यक आहे.
- आळ्यात दाणेदार कीटकनाशके टाकू नका. ती या कामासाठी नाहीत. हाताळणाऱ्याला, पिल्लांना आणि विहिरीच्या पाण्याला त्यातून विषबाधेचा धोका आहे.

पाय सुजला, पू आला, ताप आला किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साखळी कुठे तोडायची?

अंड्यापासून कातडीत शिरणारी अळी तयार व्हायला किमान पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अळी तयार होण्याआधीच साखळी तुटते. आठवड्यातून एकदा केलेली सफाई इथे उशिराची ठरते. विष्ठा फावड्याने, खालच्या थोड्या वाळूसह उचलावी आणि कामाच्या जागेपासून व विहिरीपासून दूर, कोरड्या खड्ड्यात पुरावी. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये.

दुसरे काम पशुवैद्यकांकडचे. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंतनाशक देण्याची पद्धत आहे. त्याच वेळी आईलाही औषध द्यावे लागते. फक्त पिल्लांना देऊन चालत नाही.

तिसरे काम पायाचे. सोडणांचे आच्छादन माडासाठी उपयोगी आहे, ते काढण्याची गरज नाही. पाणी देताना गमबूट घालावेत. चप्पल अनवाणी पायापेक्षा बरी, पण तिच्यात ओली वाळू शिरते. बेणणी करताना जमिनीवर बसणाऱ्यांना मांडीवर आणि पार्श्वभागावर रेघ उठू शकते. त्यांनी ओल्या पोत्याऐवजी पाट किंवा जाड प्लास्टिक वापरावे व हातमोजे घालावेत. घराजवळ बांधकामाच्या किंवा रोपवाटिकेच्या वाळूचा ढीग असेल तर तो ताडपत्रीने झाकावा. मांजरे त्यातच घाण करतात आणि मुले त्यातच खेळतात.

त्या बागेत पिल्लांना कुंपणाजवळच्या कोरड्या कोपऱ्यात जागा करून दिली, आई आणि पिल्लांना जंतनाशक दिले आणि सकाळी पाणी सोडण्याआधी आळ्यांतून एक फेरी मारायचे ठरले. आधी तयार झालेल्या अळ्या लगेच संपत नाहीत, म्हणून पहिला महिनाभर घरातल्या कुणीही गमबुटाशिवाय आळ्यात उतरायचे नाही, असेही ठरले. तो महिना काटेकोर पाळला गेला. त्यानंतर मेअखेरपर्यंत घरात नवी रेघ कुणाच्याच पायावर उठली नाही.