लाभांशाचा कर स्टेटमेंटमध्ये पुरता दिसत नाही

समजा, एकाच इक्विटी फंडाच्या दोन पर्यायांत प्रत्येकी 5 लाख रुपये, 50 रुपये एनएव्हीने 10,000 युनिट्स. वर्ष उलटल्यावर एनएव्ही 54 झाली. लाभांश पर्यायाने (2021पासून स्टेटमेंटवर ‘आयडीसीडब्ल्यू’) युनिटमागे 4 रुपये दिले आणि त्याची एनएव्ही पुन्हा 50 वर आली. 10 टक्के टीडीएस कापून बँकेत 36,000 आले. कर संपला असे इथेच वाटते! प्रत्यक्षात 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह एकूण कर 12,480 होतो. उरलेले 8,480 रिटर्न भरताना जातात.

ग्रोथवाल्याने तेवढ्याच 40,000 रुपयांसाठी सुमारे 741 युनिट्स विकली. त्यातला नफा जेमतेम 2,963 रुपये. बाकी स्वतःचेच मुद्दल. वर्षभराचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर कर शून्य, पुढे साडेबारा टक्के. दोन्हीकडे शिल्लक मात्र 5 लाखच.

स्टेटमेंट ताडताना लाभांश पर्यायाचे नुसते आजचे मूल्य पाहू नका. तारखांनुसार मिळालेले लाभांश मिळवा, त्यांवरचा कर वजा करा, मगच एक्सआयआरआर काढा. ग्रोथमध्ये न विकलेल्या नफ्यावरचा कर पुढे ढकललेला असतो, माफ नव्हे. उत्पन्न करपात्रच नसेल तर हा फरक जवळपास उरत नाही. कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो.