मीठ 801 अंशांना वितळते, मग मॅग्नेशियम ऑक्साइड 2852 अंशांना का?

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत पेटवली की डोळे दिपवणारा उजेड पडतो आणि मागे पांढरी भुकटी उरते. ती म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. पोलाद कारखान्यातल्या भट्टीला आतून ज्या विटा लावतात, त्यांतही मुख्यतः हाच पदार्थ असतो. सुमारे 1600 अंश सेल्सिअसचा पोलादाचा रस अंगावर घेऊनही तो वितळत नाही, कारण त्याचा द्रवणांक 2852 अंश आहे. स्वयंपाकघरातले मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, मात्र 801 अंशांनाच पातळ होते.

हे अंतर कोड्यात टाकते, कारण आतून दोन्ही पदार्थ एकाच घडणीचे आहेत. दोन्हींचे स्फटिक आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे बनलेले असतात. रचनाही तीच: प्रत्येक धन आयनाभोवती सहा ऋण आयन आणि प्रत्येक ऋण आयनाभोवती सहा धन आयन. मांडणी सारखी असेल तर फरक आयनांना धरून ठेवणाऱ्या ओढीतच असला पाहिजे. ही ओढ जालक ऊर्जेने मोजतात. एकमेकांपासून दूर, वायुरूपात असलेले आयन एकत्र येऊन एक मोल स्फटिक बनवतात, तेव्हा बाहेर पडणारी ऊर्जा म्हणजे जालक ऊर्जा. मिठाचा एक मोल म्हणजे सुमारे 58.5 ग्रॅम, तर मॅग्नेशियम ऑक्साइडचा सुमारे 40 ग्रॅम.

अडचण अशी, की सुट्या आयनांचा वायू भांड्यात घेऊन ही ऊर्जा थेट मोजता येत नाही. 1919 साली जर्मनीत माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी त्यावर वळसा घालणारी वाट दाखवली. ऊर्जेचा हिशेब सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थितीवर ठरतो, मधल्या मार्गावर नाही, हा हेस यांचा 1840 सालचा नियम त्यांनी वापरला. मूलद्रव्यांपासून थेट संयुग बनवा, नाहीतर आधी सुटे अणू, मग आयन आणि शेवटी स्फटिक अशा पायऱ्यांनी बनवा. एकूण जमाखर्च तोच येणार. थेट मार्गाची ऊर्जा प्रयोगाने मिळते. पायऱ्यांच्या मार्गातली जालक ऊर्जा सोडून बाकी सगळे आकडे हाताशी असले, की उरलेला आकडा वजाबाकीने सापडतो.

आधी मिठाचे खाते पाहू. सर्व आकडे एका मोलासाठी किलोज्यूलमध्ये आहेत. घन सोडियमचे सुटे अणू करायला 107 लागतात. क्लोरीनच्या रेणूत दोन अणू असतात आणि आपल्याला एकच हवा, म्हणून रेणू तोडण्याच्या 242 पैकी अर्धेच, म्हणजे 121 खर्ची पडतात. सोडियम अणूतून इलेक्ट्रॉन काढायला 496 लागतात. एकूण खर्च 724. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला की 349 परत मिळतात, तरी 375 अंगावर राहतात. प्रत्यक्षात मात्र सोडियम आणि क्लोरीनपासून मीठ तयार होताना 411 ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे स्फटिक जमताना 375 ची तूट भरून निघून वर 411 उरले असले पाहिजेत. दोन्हींची बेरीज 786, ही मिठाची जालक ऊर्जा. इथे विद्यार्थी हमखास विसरतात ते क्लोरीनचे अर्धे करणे. मग उत्तर 907 येते. आयनांचे भार आणि अंतर यांवरून स्वतंत्रपणे काढलेली किंमत 770 च्या आसपास असते. तिच्याशी ताडून पाहिले की चूक लगेच उघडी पडते.

आता मॅग्नेशियम ऑक्साइड. मॅग्नेशियमचे सुटे अणू करायला 148 आणि ऑक्सिजनचा रेणू तोडून एक अणू मिळवायला 249 लागतात. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 738 पुरतात, पण दुसऱ्याला तब्बल 1451 मोजावे लागतात. ऑक्सिजनने पहिला इलेक्ट्रॉन घेतला की 141 मिळतात. दुसरा घेताना मात्र आधीच ऋण झालेला आयन त्याला दूर ढकलतो, म्हणून उलट सुमारे 798 द्यावे लागतात. निव्वळ तूट 3243. एवढे असूनही मॅग्नेशियम जळताना प्रत्यक्षात 602 ऊर्जा बाहेर पडते. मग जालक ऊर्जा झाली सुमारे 3845.

थेट मार्गाचे आकडे 411 आणि 602 आहेत, म्हणजे जेमतेम दीडपट. त्यांवरून दोन स्फटिकांतली तफावत कळलीच नसती. जालक ऊर्जा मात्र जवळजवळ पाचपट आहे. आयन बनवण्याच्या प्रचंड खर्चामागे ती झाकलेली असते आणि चक्राने ती उघड होते.

पाचपट का, तेही सांगता येते. मिठात आयनांचे भार अधिक एक आणि उणे एक आहेत, मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये अधिक दोन आणि उणे दोन. ओढ भारांच्या गुणाकाराने वाढते, म्हणजे चौपट. शिवाय शेजारच्या आयनांमधले अंतर मिठात 282 पिकोमीटर आहे, इथे 211. त्यामुळे आणखी सुमारे 1.3 पट. इलेक्ट्रॉनांच्या ढगांचे एकमेकांना रेटणे त्यातून थोडे कमी करते. भार महत्त्वाचा की अंतर, हे सोडियम फ्लोराइडकडे पाहून कळते. त्याची मांडणी तीच आणि अंतर 231 पिकोमीटर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जवळचे. पण भार एकेकच. त्याची जालक ऊर्जा सुमारे 923 आणि द्रवणांक 993 अंश. म्हणजे नुसत्या जवळिकीने थोडाच फरक पडतो. मोठी झेप दुहेरी भाराची आहे.

या हिशेबाच्या मर्यादाही आहेत. ऑक्सिजनच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा आकडा थेट मोजता येत नाही, कारण दोन ऋण भारांचा ऑक्सिजन आयन एकटा टिकतच नाही. भार आणि अंतरावरून काढलेली जालक ऊर्जा याच चक्रात घालून तो ठरवतात. म्हणून पुस्तकांत मॅग्नेशियम ऑक्साइडची जालक ऊर्जा 3790 ते 3850 अशी थोडी वेगवेगळी दिसते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. वितळणे म्हणजे आयन पूर्ण वेगळे होणे नव्हे. द्रवातही ते एकमेकांना लागूनच असतात, फक्त जागा बदलू शकतात. मीठ वितळायला मोलमागे सुमारे 28 किलोज्यूल लागतात, 786 नव्हे. मॅग्नेशियम ऑक्साइडला सुमारे 77. त्यामुळे जालक ऊर्जा पाचपट असली तरी द्रवणांक पाचपट होत नाही. केल्विनमध्ये ते 1074 आणि 3125 आहेत, म्हणजे सुमारे तिप्पट. वितळायला लागणारी ऊर्जाही जवळपास त्याच पटीत वाढलेली आहे.

हा नियम डोळे मिटून सगळीकडे लावूही नये. सिल्व्हर क्लोराइडची जालक ऊर्जा मिठापेक्षा जास्त, सुमारे 915 आहे, तरी ते 455 अंशांनाच वितळते. तिथे चक्रातून आलेली किंमत आणि निव्वळ आयन गृहीत धरून काढलेली किंमत यांत मिठापेक्षा बरीच जास्त तफावत पडते. बंध पूर्णपणे आयनिक नाही, याची ती खूण. म्हणून तुलना करताना आधी दोन गोष्टी तपासाव्यात: मांडणी एकच आहे का आणि बंध खरोखर आयनिक आहे का. मीठ आणि मॅग्नेशियम ऑक्साइड या दोन्ही कसोट्यांना उतरतात, म्हणून त्यांच्या द्रवणांकांतली दोन हजार अंशांची तफावत मुख्यतः आयनांवरच्या दुप्पट भारामुळे आहे, असे खात्रीने म्हणता येते.