एकाच चुकीच्या चार किमती

छोट्या कारखान्याच्या नफा-तोटा पत्रकात 'भंगार विक्री' ही नोंद उत्पन्नाच्या बाजूला असते. बिघडलेला जॉब किलोवर विकला की थोडे पैसे जमा होतात आणि कागदावर तेवढेच दिसतात. त्या जॉबसाठी लागलेले पोलाद, वीज, यंत्राचा वेळ आणि मजुरी 'कच्चा माल', 'वीजबिल', 'पगार' अशा वेगवेगळ्या खात्यांत विरून जाते. खराब मालापायी महिन्याला किती पैसा गेला, हा आकडा एका जागी कुठेच सापडत नाही.

तो आकडा एका जागी आणण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंते आर्मंड फायगेनबॉम यांनी 1956 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील लेखात मांडली. त्याआधी 1951 मध्ये जोसेफ ज्युरान यांनी आपल्या गुणवत्ता-नियंत्रणावरील ग्रंथात या टाळता येणाऱ्या नुकसानीकडे लक्ष वेधले होते. फायगेनबॉम यांनी खर्चाची विभागणी प्रतिबंध, तपासणी आणि अपयश अशी केली. अपयशाचे पुढे दोन भाग झाले: माल कारखान्यात असतानाच लक्षात आलेले अंतर्गत अपयश आणि गिऱ्हाइकाकडे पोहोचल्यावर उघड झालेले बाह्य अपयश.

हे चारही खर्च एकाच दोषाच्या मागे जाऊन पाहता येतात. समजा, भोसरीतील एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर वाहनासाठी पोलादी बुश तयार होतात. बुशच्या भोकाचा व्यास 25.000 ते 25.021 मिलिमीटर हवा, म्हणजे एकवीस मायक्रॉनची मोकळीक. कापणारे इन्सर्ट झिजत जाते तसा व्यास हळूहळू कमी होतो. यंत्राला ही झीज कळत नाही. ऑपरेटरच्या हातात 'गो' आणि 'नो-गो' गेज असते. 'गो' बाजू आत जायला हवी, 'नो-गो' जायला नको.

पहिला खर्च प्रतिबंधाचा. एका इन्सर्टवर किती जॉब सुरक्षित निघतात हे आधी ठरवायचे आणि तेवढे जॉब झाले की ते चांगले दिसत असले तरी बदलायचे. व्यास किती घसरतो आहे याचा आलेख यंत्राशेजारी ठेवायचा, ऑपरेटरला ऑफसेट कसा द्यायचा ते शिकवायचे. यात काही इन्सर्ट लवकर टाकली जातात आणि प्रशिक्षणाचे काही तास जातात. नेमका हाच खर्च मालकाला सर्वांत आधी डोळ्यांत खुपतो, कारण तो खरेदीच्या बिलावर स्वच्छ दिसतो.

दुसरा खर्च तपासणीचा. पाळी सुरू होताना पहिल्या जॉबला मंजुरी, मग ठरावीक अंतराने एक जॉब मोजणे, गेजचे कॅलिब्रेशन आणि निरीक्षकाचा पगार यात येतो. तपासणी दोष शोधते, दोष होणे थांबवत नाही. दर पंचविसाव्या जॉबला मोजमाप होत असेल, तर दोष सापडेपर्यंत चोवीस जॉब संशयित होऊन बसलेले असू शकतात.

तिसरा खर्च अंतर्गत अपयशाचा. समजा, तीस बुशमध्ये 'गो' गेज जात नाही. भोक लहान आहे, त्यामुळे पुन्हा यंत्रावर लावून ते मोठे करता येते. जॉबमागे चाळीस रुपये धरले तर रीवर्कचे बाराशे रुपये झाले. घाईत ऑपरेटरने ऑफसेट जास्त दिला आणि दहा भोके मोठी झाली, तर मात्र कापलेले धातू परत येत नाही. प्रत्येक बुशवर तोवर दोनशे रुपये लागले असतील आणि भंगारात पंधरा रुपये मिळत असतील, तर दहा बुशमागे 1,850 रुपये गेले. दोन्ही मिळून 3,050. रीवर्कमुळे त्या वेळात जे नवे जॉब निघाले नाहीत, ते यात धरलेलेही नाहीत.

चौथा खर्च बाह्य अपयशाचा. तशाच पाच बुश चाकणच्या गिऱ्हाइकाच्या जुळणीपर्यंत पोहोचल्या आणि पिन बसेना, तर तिथे पडून असलेला सगळा लॉट वेगळा काढून एकेक बुश मोजावी लागते. त्यासाठी कारखान्याची माणसे जातात, बदली माल स्वतंत्र गाडीने पाठवला जातो आणि लाइन थांबल्याची डेबिट नोट येते. दोषी बुश पाचच, पण मोजणी आणि भरपाई सगळ्या लॉटची.

दोष सुट्या भागातून थेट ग्राहकाच्या हातात गेला की काय होते, याचे मोठे उदाहरण जनरल मोटर्सचे आहे. शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांच्या इग्निशन स्विचला चावी फिरवायला लागणारा जोर ठरलेल्या मापापेक्षा कमी होता. हे चाचणीत दिसत असूनही 2002 मध्ये स्विच मंजूर झाला. चालत्या गाडीत चावी सरकली की इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. पुढे आतला भाग बदलण्यात आला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुना स्विच कोणता आणि नवा कोणता, हे ओळखणे अवघड झाले. अमेरिकी काँग्रेसमधील सुनावणीत या दुरुस्तीची किंमत 57 सेंट सांगितली गेली. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, भरपाई निधीने 124 मृत्यूंचा संबंध या स्विचशी मान्य केला आणि 2015 मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला 90 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

भोसरीच्या त्याच कारखान्याचा महिन्याचा हिशोब आता मांडता येतो. विक्री एक कोटी. प्रतिबंधावर 60 हजार, तपासणीवर 2 लाख 40 हजार, अंतर्गत अपयशावर 4 लाख, बाह्य अपयशावर 3 लाख. एकूण 10 लाख, म्हणजे विक्रीच्या दहा टक्के, आणि त्यातले सात लाख निव्वळ चुकांचे. प्रतिबंधात महिन्याला एक लाखाची भर घातल्यावर काही महिन्यांनी अंतर्गत अपयश 2 लाख आणि बाह्य अपयश 1 लाखावर आले, तर एकूण खर्च 7 लाखांवर येतो, तपासणीला हात न लावताही.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात उतार इतका सरळ नसतो. हिशोब सुरू केल्यावर पहिल्या महिन्यांत अपयशाचा आकडा वाढतो, कारण आजवर गुपचूप रीवर्क होऊन जाणारे जॉब नोंदीत येऊ लागतात. ते पाहून घाबरलेला मालक पद्धतच बंद करतो, हा नेहमीचा घोटाळा. दुसरा घोटाळा म्हणजे अपयश खाली येण्याआधीच तपासणीची माणसे कमी करणे. तसे केले की दोष कारखान्यात सापडायचे थांबतात आणि गिऱ्हाइकाकडे सापडू लागतात. कागदावर अंतर्गत अपयश कमी झालेले दिसते, म्हणून तिसरा आणि चौथा रकाना नेहमी जोडीने वाचावा लागतो. गिऱ्हाइकाने पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली, हे नुकसान तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सुरुवातीला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. सर्वांत जास्त रिजेक्शन होणारा एक जॉब निवडा, तीन महिने त्याच्या प्रत्येक रीवर्कचा आणि भंगाराचा खर्च लिहून ठेवा, डेबिट नोटा शेजारी मांडा. ती बेरीज आणि त्या जॉबच्या इन्सर्टवर, प्रशिक्षणावर झालेला खर्च एकत्र पाहूनच पुढच्या खरेदीवर सही करा.