न हलणारी तारीख आणि दोन दिवसांची रजा

कार्यालय प्रमुखांच्या टेबलावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रजेचा अर्ज आला, की त्यांची नजर आधी कॅलेंडरकडे जाते. वर्षअखेरीची बिलं, कोषागाराची घाई आणि त्यात ही रजा. ‘व्हिसाची तारीख बदलता येणार नाही’ एवढंच अर्जात असेल, तर त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो : का नाही? अर्जाने उत्तर द्यायचं ते याच प्रश्नाचं.

पासपोर्ट आणि व्हिसा यांना इथे एकाच मापाने मोजून चालत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रातली वेळ पहिल्या तारखेपासून वर्षभरात तीनदा बदलता येते. पहिल्याच तारखेला ‘बदल अशक्य’ असं लिहिणारा माणूस नियम माहीत असलेल्या साहेबांपुढे उघडा पडतो. तिथे खरं कारण लिहावं : प्रवास जवळ आला आहे, किंवा तीनही संधी संपल्या आहेत. शासकीय नोकराने आणखी एक ध्यानात ठेवावं. पासपोर्टसाठी कार्यालयाला द्यायचं पूर्वसूचना पत्र वेगळं, रजेचा अर्ज वेगळा. एकाच कागदावर दोन्ही मागितलं, तर तो कागद आस्थापना शाखेत अडकतो.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचं गणित मात्र खरोखरच कठीण आहे. 1 जानेवारी 2025 पासून भारतातल्या अर्जदाराला मुलाखतीची तारीख नव्याने शुल्क न भरता एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची झाली किंवा गैरहजर राहिलं, तर 185 डॉलरचं शुल्क पुन्हा भरून नवी तारीख शोधायची. शिवाय हजेरी एकदा नाही, दोनदा : आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. कोल्हापूरच्या माणसाला दोन दिवस लागतात ते यामुळे, आणि हे साहेबांना आपोआप कळत नाही.

समजा, कोल्हापुरातल्या एका राज्य शासकीय कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिक बाई मुलीकडे न्यू जर्सीला जाऊ पाहताहेत. फेब्रुवारीतली तारीख त्यांनी एकदा बदलून घेतली होती. त्यांचा अर्ज असा हवा :

विषय : दि. 23 व 24 मार्च रोजी नैमित्तिक रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

अमेरिकेच्या व्हिसासाठी मला सोमवार दि. 23 मार्च रोजी ठसे देण्यासाठी व मंगळवार दि. 24 मार्च रोजी मुलाखतीसाठी मुंबई येथे समक्ष हजर राहावयाचे आहे. मुलाखतीची तारीख यापूर्वी एकदा बदललेली असल्याने आता ती बदलल्यास पूर्ण शुल्क पुन्हा भरून नवीन वेळ घ्यावी लागेल. तरी या दोन दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर करावी, तसेच दि. 22 मार्च सायंकाळपासून दि. 25 मार्च सकाळपर्यंत मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. माझ्याकडील प्रलंबित देयके दि. 20 मार्चपर्यंत सादर करीत आहे. रजाकाळात शेजारील टेबलावरील लिपिक काम पाहतील. त्यांची संमती घेतली आहे. भेटीच्या निश्चितीपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,

या मजकुरात वजन आहे ते ‘यापूर्वी एकदा बदललेली’ या शब्दांना. साहेबांना तेवढ्यात कळतं, की ही बाई सोयीची तारीख पकडून बसलेली नाही. मुख्यालयाच्या परवानगीत रविवारची संध्याकाळही धरली आहे, कारण मुंबईची रात्रीची गाडी त्याच दिवशी पकडायची आहे. सुटीच्या दिवशीही विनापरवानगी मुख्यालय सोडू नये, ही अट बऱ्याच जणांच्या लक्षातून जाते.

अर्जात मुलीचं बाळंतपण नाही, तिकडे किती महिने राहणार तेही नाही. अमेरिका म्हटल्यावर साहेब मनात दोन महिन्यांच्या अर्जित रजेचा हिशोब मांडू लागतात आणि दोन दिवसांचा अर्ज त्या ओझ्याखाली दबतो. परदेशी जाण्याची परवानगी आणि लांब रजा हा दुसरा अर्ज आहे. तो वेगळा आणि वेळेत करायचा, पण या कागदात मिसळायचा नाही. मात्र कशासाठी जाताय, असं साहेबांनी तोंडी विचारलं तर सरळ सांगावं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

निश्चितीपत्राच्या प्रतीवर नाव, ठिकाण, तारीख आणि वेळ दिसली की पुरे. पासपोर्ट क्रमांक झाकून प्रत काढावी आणि व्हिसाचा पूर्ण भरलेला अर्ज तर जोडूच नये. त्यात घरादाराची सगळी माहिती असते आणि रजेची फाईल चार टेबलांवरून फिरते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला 8 नैमित्तिक रजा असतात, पण कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. त्यामुळे तारीख मिळाली त्याच दिवशी अर्ज द्यावा, आवक शाखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. ‘जाऊन या हो’ असं साहेब जिन्यात म्हणाले, तरी गाडीत बसण्याआधी मंजुरीचा शेरा अर्जावर उमटलाय का, ते पाहून घ्यावं.