वेग तोच, मग ठोके का चढतात?

ऑक्टोबर उजाडला की मुंबईतल्या धावकांचे लाँग रन लांबत जातात, कारण जानेवारीतली मॅरेथॉन जवळ आलेली असते. पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवरून निघालेला धावक सातच्या सुमारास घड्याळाकडे पाहतो. पेस तोच आहे, किलोमीटरला साडेसहा मिनिटं. पहिल्या अर्ध्या तासात मिनिटाला १४४ ठोके पडत होते, आता १५८ पडतायत. यालाच कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतात. ग्रुपमध्ये यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, तुझं हृदय अजून कच्चं आहे. दुसरा म्हणतो, उकाडा आहे, आकड्याकडे बघूच नकोस. दोन्ही मतं धावकाला चुकीच्या वाटेला लावतात.

हृदय कच्चं असण्याचा इथे संबंध नाही. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते दोन गोष्टींवर ठरतं: एका ठोक्याला किती आणि ठोके किती. समजा, सुरुवातीला एका ठोक्याला १२० मिलिलिटर रक्त जात होतं. १४४ ठोक्यांना ते साधारण सव्वासतरा लिटर झालं. शरीर तापलं की बरंच रक्त त्वचेकडे वळतं आणि घामासोबत रक्तातलं पाणीही कमी होतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. शिवाय अंग तापल्यामुळे ठोके वाढले की दोन ठोक्यांमध्ये हृदय भरायला वेळच कमी मिळतो. हे दुसरं कारण पुष्कळ काळ दुर्लक्षित होतं. औषध देऊन ठोके वाढू दिले नाहीत, तेव्हा दर ठोक्याचं रक्त फारसं घटलं नाही, असं १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. आता ठोक्याला १०९ मिलिलिटरच जात असेल, तर तेवढंच सव्वासतरा लिटर पुरवायला १५८ ठोके लागतात. ही चोख भरपाई आहे, आणि ती कसलेल्या धावकांमध्येही होते.

म्हणून आकडा सोडून द्यायचा का? नाही. उन्हात ड्रिफ्ट होत असताना शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमताच खाली येते. म्हणजे साडेसहाचा पेस आता त्या क्षमतेचा जास्त मोठा हिस्सा खातोय. धाव सोपी ठेवायची ठरली असेल, तर पेस सोडून ठोके धरावेत, किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद द्यावेत. याउलट, स्पर्धेत सुरुवातीचाच आकडा शेवटपर्यंत धरून बसलात तर विनाकारण मागे पडाल. तिथे काही ठोके चढू द्यावेच लागतात.

पाणी प्यायलं की ड्रिफ्ट थांबतो, हा समजही अर्धाच खरा. पाण्याने तो कमी होतो. पण मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. त्यामुळे बाटली रिकामी करूनही ठोके चढतात.

मोजायचं कसं? पहिली पंधरा मिनिटं वगळा, कारण तेव्हा ठोके तसेही वर येत असतात. उरलेल्या ऐंशी मिनिटांचे दोन भाग करा. समजा, पहिल्या भागात पेस ६:३० आणि सरासरी ठोके १४४, दुसऱ्यात पेस ६:४० आणि ठोके १५५. नुसते ठोके पाहिले तर वाढ साडेसात टक्क्यांच्या आसपास दिसते. पण वेगही उतरलाय, म्हणून एका ठोक्यात किती मीटर गेलो ते काढावं. पहिल्या भागात मिनिटाला १५४ मीटर, म्हणजे ठोक्याला १.०७. दुसऱ्यात मिनिटाला १५०, म्हणजे ०.९७. खरी घसरण नऊ टक्क्यांच्या वर आहे.

घसरण पाच टक्क्यांच्या आत असेल तर दमाचा पाया पक्का, असा ठोकताळा प्रशिक्षक वापरतात. तो सपाट रस्त्यासाठी, एकसारख्या वेगासाठी आणि सौम्य हवेसाठी आहे. ऑक्टोबरमधले नऊ टक्के या पट्टीवर लावणं माझ्या मते सरळ अन्याय आहे. तुलना करायची तर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तशाच उकाड्यात करावी. उकाड्यात रोज धावलं की दहा-चौदा दिवसांत शरीर सरावतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि दम न वाढताही आकडा सुधारतो, हेही लक्षात ठेवावं.

ड्रिफ्ट नेहमी हळूहळू चढतो. ठोके एका मिनिटात १४५वरून १७५वर गेले, तर आधी मनगटातल्या सेन्सरवर संशय घ्या. तो कधीकधी पावलांची लय ठोके समजून मोजतो. छातीच्या पट्ट्याने खात्री करा. पट्ट्यावरही तीच उडी दिसली, थांबल्यावरही ठोके उतरेनात किंवा छातीत दुखलं, तर डॉक्टरांना दाखवा. उकाड्यात अंगावर शहारे आले, चक्कर आली किंवा बोलणं तुटक झालं, तर धाव तिथेच सोडा, सावलीत या आणि अंगावर पाणी ओता.