की-बोर्ड कोणाच्या हाती?

परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही प्रॅक्टिकलच्या तासाला मागे बसून होतो. चोवीस मुलामुलींची बॅच, चालू मशीन सहा. जोडतास ऐंशी मिनिटांचा. हजेरी, जागा आणि मशीन सुरू होणे यांत दहा मिनिटे जातात. शेवटची दहा फाईल साठवून मशीन बंद करण्यात जातात. उरली साठ. एका मशीनवर चौघे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा. हिशेब सरळ आहे, पण तो कागदावरच राहतो. ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तो की-बोर्डपुढे बसतो आणि उठतच नाही. वस्तीतून आलेली पोर तिसऱ्या रांगेतून मान उंचावून पाहते. जर्नलवर मात्र चौघांनाही सही मिळते! याला शिक्षण म्हणायचे काय?

मशीन वाढतील तेव्हा वाढोत. तोवर घड्याळ तर आपल्या हाती आहे. बॅचचे दोन भाग करावेत. पहिले बारा मशीनवर, एका मशीनवर दोघे. उरलेले बारा बाकावर बसून तेच एचटीएमएलचे पान वहीत लिहितील आणि एकमेकांचे तपासतील. दहाव्या मिनिटाला सुरुवात, पंचविसाव्याला जोडीतला हात बदलायचा, चाळिसाव्याला अख्खा गट बदलायचा, पंचावन्नाव्याला पुन्हा हात, सत्तराव्याला थांबायचे. वाट्याला मिनिटे पंधराच येतात. पण हातात लिहिलेला कागद असतो, म्हणून ती विचार करण्यात न जाता टाईप करण्यात आणि चुका काढण्यात जातात. `href="gav.html` असे लिहून शेवटचे अवतरणचिन्ह विसरले की पुढचा मजकूर पडद्यावरून गायब होतो. ही चूक वहीतच सापडली तर मशीनवरची पाच मिनिटे वाचतात. पहिल्या गटाने मात्र कागद आदल्या दिवशीच तयार करून आणला पाहिजे.

बिघडते ते चाळिसाव्या मिनिटाला. 'सर, दोनच ओळी राहिल्या' म्हणत पहिला गट दहा मिनिटे खातो, आणि ती जातात दुसऱ्याच्या ताटातून. म्हणून अर्धवट फाईल साठवायची आणि उठायचे. पुढच्या आठवड्यात आज दुसरा असलेला गट पहिला बसेल. वीज वीस मिनिटे गेली तर दोन्ही गटांची दहा-दहा कापावीत. एक मशीन बंद पडले तर दोन मशीनवर तिघे-तिघे बसतील, त्यांना दहाच मिनिटे मिळतील. ते तिघे दर वेळी तेच नसावेत, एवढे सरांनी वहीत टिपून ठेवावे.

हे खरोखर झाले की नाही, ते फोल्डर सांगतो. प्रत्येकाने फाईलला हजेरी क्रमांकाचे नाव द्यावे, `17.html` असे. तास संपल्यावर चोवीस फाईली दिसल्या पाहिजेत. सहाच दिसल्या तर सहाच जण शिकले. चोवीस आहेत, पण चौघांच्या फाईलींचा आकार बाइटपर्यंत सारखा आणि साठवल्याची वेळ एकाच मिनिटातली, तर एकाने लिहिले आणि तिघांनी नक्कल केली, हे समजावे. आम्ही त्या दिवशी फोल्डर उघडून पाहिला. फाईली नऊ होत्या.