सहा मिनिटांची आगगाडी

माध्यम संस्थेत नव्याने आलेल्या इंटर्नच्या वाट्याला बहुधा छोटा भाग येतो. समजा, पॉडकास्टचा सहा मिनिटांचा भाग आहे आणि विषय आहे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी. विषय ओळखीचा, माहिती मुबलक. अडचण नेमकी तिथूनच सुरू होते, कारण सहा मिनिटांत फारसं काही मावत नाही.

म्हणून आधी हिशेब. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. सुरुवातीच्या संगीताला १५ आणि शेवटच्या श्रेयनामावलीला २० सेकंद गेले. रेल्वेच्या अभ्यासकाच्या मुलाखतीतले ४०-४० सेकंदांचे दोन तुकडे, म्हणजे ‘बाइट’, घेतले की आणखी ८० गेले. निवेदनाला उरली जेमतेम चार मिनिटं. निवेदक मिनिटाला ११० शब्द वाचत असेल, तर संहिता साधारण ४५० शब्दांची हवी. वाचनाचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे घड्याळ लावून एक पान वाचून घ्यायचं आणि मगच लिहायला बसायचं. हजार शब्द लिहून मागाहून कापायला घेतलं, की नेमके जोडणारे शब्द जातात आणि उरलेली वाक्यं एकमेकांना ओळख देत नाहीत.

आता पहिला खर्डा पाहू. ‘१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३.३५ वाजता बोरीबंदर येथून सुमारे ४०० प्रवाशांना घेऊन निघालेल्या व तीन इंजिने जोडलेल्या १४ डब्यांच्या गाडीने...’ कागदावर हे वाक्य चालून जाईल. कानाला मात्र क्रियापद येईपर्यंत तारीख आठवत नाही, आणि ऐकणारा काही मागे जाऊन वाचू शकत नाही. तेच बोलण्यासाठी असं लिहिता येतं: ‘अठराशे त्रेपन्न. एप्रिलची सोळा तारीख, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून एक गाडी निघाली. डबे चौदा. पुढे तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान.’ आकडे अक्षरी लिहिलेत, कारण माइकसमोर ‘१८५३’ पाहून निवेदक क्षणभर अडखळतो. ‘इंजिने’चं ‘इंजिनं’ झालं, कारण तो तसंच बोलतो. चारशे प्रवासी पुढच्या वाक्यात येतील. तीन पस्तीसची पाच मिनिटं सोडून दिली, तर कुणाचं काही बिघडत नाही.

तथ्यांच्या बाबतीत मात्र अशी सूट नाही. ‘भारतातली पहिली रेल्वे’ असं सरसकट म्हटलं की पंचाईत होते. रुरकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामासाठी १८५१ मध्येच वाफेचं इंजिन माती वाहत होतं. ‘पहिली प्रवासी गाडी’ म्हटलं की वाक्य सुरक्षित. ‘सीएसएमटीच्या भव्य इमारतीतून’ गाडी सुटल्याचंही पुष्कळदा लिहिलं जातं. ती इमारत तेव्हा नव्हतीच, तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. प्रवासाला लागलेल्या वेळेबाबत कुठे ५७ मिनिटं सापडतात, कुठे सव्वा तास. अशा ठिकाणी ‘तासाभराच्या आसपास’ म्हणावं आणि संहितेच्या समासात दोन्ही आकडे कुठे सापडले ते टिपून ठेवावं. संपादक विचारतोच.

बाइटची जागा संहितेत काटेकोर दाखवावी लागते: कोणती फाइल, कितव्या सेकंदापासून, आणि बोलणाऱ्याचे पहिले व शेवटचे चार शब्द. त्याशिवाय एडिटरला तुकडा कुठे कापायचा ते कळत नाही. आणखी एक खोड नवख्यांमध्ये हमखास दिसते. निवेदक म्हणतो, ‘गाडी पाहायला मोठी गर्दी झाली होती,’ आणि लगेच अभ्यासकही तेच सांगतात. चाळीस सेकंद फुकट! त्याऐवजी निवेदनाने ‘त्या दुपारी रुळांच्या कडेला काय चित्र होतं?’ एवढंच विचारून बाजूला व्हावं.

आवाजाचा मोहही आवरावा लागतो. इंजिनाच्या शिट्टीचा तयार इफेक्ट घालायला हरकत नाही, पण तो त्या दिवसाचा आवाज असल्याचं भासवू नये. एडिसनचा फोनोग्राफच १८७७ चा. त्या शिट्टीचं ध्वनिमुद्रण असणार कुठून?

उरल्या शो नोट्स. अनेक जण त्यात संहिताच चिकटवतात. ॲपच्या यादीत बहुधा पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, त्यामुळे ‘नमस्कार मंडळी, या भागात आपण...’ ही सुरुवात वाया जाते. ‘१८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीला तीन इंजिनं का जोडली होती?’ ही ओळ वर हवी, अर्थात भागात त्याचं उत्तर असेल तरच. त्याखाली पाहुण्यांचं नाव व ओळख, वापरलेले ग्रंथ आणि संगीताचं श्रेय. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बीवाय’ परवान्याचं संगीत असेल, तर संगीतकाराचं नाव आणि परवान्याचा दुवा देणं ही अटच असते.

वेळखुणा सगळ्यात शेवटी लिहाव्यात. संहितेवरून आधीच 01:20 लिहून ठेवलं आणि मग मिक्सिंगमध्ये पंधरा सेकंदांचं संगीत पुढे जोडलं गेलं, की प्रत्येक खूण पंधरा सेकंद मागे पडते. श्रोता ‘ठाण्यात स्वागत’वर बोट ठेवतो आणि त्याला मधल्याच वाक्याचं शेपूट ऐकू येतं. अंतिम फाइल हाती आल्यावर ती हेडफोन लावून ऐकावी, 00:00 पासून एकेक खूण टिपावी, आणि भाग प्रसिद्ध झाल्यावर फोनवर त्या दाबून पाहाव्यात.